उघड्या कॉलरच्या फोटोला टाय: आधी कॉलर बंद करा, मग गाठ बसवा

मागच्या व्हिडिओत आपण टाय लावायचं काम भरभर करून दाखवलं. कॉमेंटमध्ये सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा, "सर, टाय तर लागतो, पण चिकटवल्यासारखा दिसतो. का?" व्हिडिओत हात पुढे पळतो, म्हणून हे उत्तर इथे निवांत लिहितोय. फोटो स्टुडिओ किंवा झेरॉक्स-फोटोचं दुकान टाकायच्या तयारीत असाल तर कॉम्प्युटर चालू करून सोबतच वाचा.

पहिली गोष्ट. ग्राहक स्वतः समोर बसला असेल तर हे काम करायचंच नाही. दुकानात दोन-तीन टाय आणि एक कोट खुंटीला लावून ठेवा, वरचं बटण लावायला सांगा, खराखुरा टाय बांधा आणि फोटो काढा. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते कधीच खोटं दिसत नाही. दुसरं, पासपोर्ट किंवा व्हिसासाठी फोटो हवा असेल तर सरळ नाही म्हणा. तिथे सॉफ्टवेअरने बदललेला फोटो चालत नाही आणि अर्ज परत आला तर ग्राहक आधी तुमच्या दारात येतो.

मग हे काम लागतं कुठे? जिथे माणूस पुन्हा कॅमेऱ्यासमोर येऊ शकत नाही तिथे. एक उदाहरण घेऊ. एक मुलगा वडिलांचा फोटो घेऊन येतो. वडील वर्षभरापूर्वी गेले. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला ८ बाय १० इंचांचा फोटो हवा आहे. चेहरा छान आलेला असा एकच फोटो घरात सापडला, तोही कुणाच्या तरी लग्नातला ५ बाय ७ चा प्रिंट. पांढरा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, आत बनियन आणि गळ्यात चेन. वडील शाळेत मुख्याध्यापक होते, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मरून टाय लावायचे. मुलगा म्हणतो, "तसा टाय लावून द्या." घरातल्या सगळ्यांनी त्यांना टाय लावलेलं प्रत्यक्ष पाहिलंय. म्हणजे गाठ खोटी असेल तर ती सगळ्यात आधी त्यांनाच खटकणार, आणि तो फोटो रोज डोळ्यांसमोर राहणार.

टाय चिकटवल्यासारखा का दिसतो?

कारण आपण टायकडे बघतो, कॉलरकडे बघत नाही. इंटरनेटवरून टायचं चित्र उतरवायचं, उघड्या गळ्यावर ठेवायचं आणि गाठीखाली चेन-बनियन झाकायचं, असं बहुतेक जण करतात. पण शर्टाचं वरचं बटण उघडलं की कॉलरचा आकारच बदलतो.

शर्टाची कॉलर दोन भागांची असते. मानेभोवती उभा राहतो तो बँड. त्याच्यावरून दुमडून बाहेर खाली येतो तो दुसरा भाग, त्याला आपण इथे पान म्हणू. बटण लावलं की बँड मानेला बिलगतो, दोन्ही पानं गळ्यापाशी एकमेकांजवळ येतात आणि तिथून टोकांकडे तिरकी पसरतात, मराठी आकडा आठ सारखी. या दोन पानांच्या मध्ये जी फट राहते ती गाठीची जागा. बटण उघडलं की बँडची पुढची टोकं बाजूला पडतात, पानं खांद्याकडे लोळतात, आणि बँडची आतली बाजूसुद्धा समोरून दिसायला लागते. अशा कॉलरमध्ये गाठीला धरायला काहीच नसतं. खऱ्या आयुष्यात तो टाय सरकून छातीवर आला असता. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळ्याला लगेच कळतं.

म्हणून कामाचा पाऊण वेळ कॉलरवर जातो. कॉलर नीट बंद झाली की टाय बसवणं सोपं.

स्कॅन आणि माप

प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन करा. ५ बाय ७ इंचांचा प्रिंट साधारण ३००० बाय ४२०० पिक्सेलचा होतो. मोबाइलने प्रिंटचा फोटो काढून काम करू नका, चकाकी येते आणि कडा वाकतात.

आता फोटोतलं माप ठरवायचं. शर्टाच्या पानाची पुढची कड, म्हणजे गळ्यापासून टोकापर्यंतची, नेहमीच्या शर्टात साधारण ७ सेंटिमीटर असते. आपल्या फोटोत ती मोजली तर २८० पिक्सेल भरली. म्हणजे एक सेंटिमीटरला ४० पिक्सेल. हे एकदा कळलं की टाय अंदाजाने लहान-मोठा करत बसावं लागत नाही. साध्या गाठीची उंची ४ सेंटिमीटरच्या आसपास, वरची रुंदी साडेचार, खालची तीन. म्हणजे आपल्या फोटोत १६० पिक्सेल उंच, वर १८० आणि खाली १२० रुंद. कागदावर लिहून ठेवा.

कॉलर बंद करणं

मूळ लेअरची Ctrl+J ने कॉपी करा आणि मूळ लेअरला हात लावू नका. आधी गळ्याचा मध्य शोधा. तो फोटोच्या मध्यावर नसतो, आणि हनुवटीखालीही असेलच असं नाही. माणसाने मान थोडी वळवली असेल तर हनुवटी एका बाजूला जाते, पण गळ्याचा खड्डा आणि शर्टाची बटणपट्टी जागेवर राहतात. खालच्या लावलेल्या बटणांवरून एक रेघ वर न्या, गळ्याच्या खड्ड्यातून जाऊ द्या. गाठ या रेघेवर बसणार. आपल्या फोटोत वडील किंचित उजवीकडे बघतायत, त्यामुळे हनुवटी या रेघेपासून बरीच सरकलेली दिसली. गाठ हनुवटीखाली ठेवली असती तर टाय वाकडा वाटला असता.

मग Pen Tool ने डावं पान कापा, अगदी शिवणीच्या कडेने. Ctrl+J ने ते वेगळ्या लेअरवर घ्या. Ctrl+T दाबून पान फिरवायचं आहे, पण मधोमध फिरवलं तर ते मानेपासून सुटेल. फिरण्याचा बिंदू कानाखाली, जिथे पान मानेला टेकतं तिथे न्या. नव्या फोटोशॉपमध्ये हा बिंदू आपोआप दिसत नाही, वरच्या पट्टीतल्या छोट्या चौकोनावर टिक करावी लागते. आता पान आतल्या बाजूला फिरवा. आपल्या फोटोत डावं १२ अंश फिरवावं लागलं, उजवं ९. हे आकडे तुमच्या फोटोला लागू होणार नाहीत. थांबायचं कुठे ते दोन्ही पानांच्या वरच्या कोपऱ्यांवरून ठरतं. ते मधल्या रेघेजवळ आले आणि दोन्हींमध्ये गाठीच्या मापापेक्षा कमी फट उरली की थांबा. गाठीचे वरचे कोपरे पानांखाली लपले पाहिजेत.

एक पान करून ते आरशासारखं उलटं करून दुसरीकडे लावायचा मोह होतो. लावू नका. उजेड एका बाजूने येतो. उलट्या पानावर सावली चुकीच्या बाजूला पडते आणि सगळा फोटो बिघडतो. शिवाय मान वळलेली असेल तर कॅमेऱ्याकडचं पान रुंद दिसतं आणि पलीकडचं अरुंद. दोन्ही वेगवेगळी करा.

फिरवल्यावर पानाची वरची दुमड मानेपासून थोडी सुटलेली दिसेल. Edit मधल्या Transform मध्ये Warp आहे, त्याने ती कड मानेला टेकवा. समोरच्या बाजूला कॉलर बाजूंपेक्षा किंचित खाली असते आणि कंठाच्या उंचवट्याखालून जाते. पुरुषांच्या फोटोत कंठाचा उंचवटाच झाकून टाकला तर गळा आवळल्यासारखा वाटतो. वयस्कर माणसाच्या मानेला आणि कॉलरला मध्ये जराशी फट असते, ती ठेवा. मान बारीक झालेली असते आणि शर्ट जुन्या मापाचा असतो, घरच्यांना तेच ओळखीचं वाटतं.

इथे नवखा माणूस हमखास अडतो. पान फिरवलं, पण जुनं पान खालच्या लेअरवर तसंच आहे. म्हणजे आता माणसाने दोन कॉलर घातल्यासारख्या दिसतात. खालच्या लेअरवर Clone Stamp घ्या, खांद्याजवळचं शर्टाचं कापड उचला आणि जुनं पान पुसा. बँडची आतली बाजू दिसत असेल तर तीही जाऊ द्या.

राहिला मधला त्रिकोण, ज्यात चेन, बनियन आणि गळ्याची त्वचा आहे. तिथे शर्टाचं कापड भरायचं. खिसा डाव्या छातीवर असतो, म्हणून कापड उजव्या छातीवरून उचला. यातला बराचसा भाग टायखाली जाणार आहे, त्यामुळे बटणपट्टी, काज, बटण काढत बसू नका. टायच्या दोन्ही बाजूंना, पानांच्या टोकांखाली जो भाग उघडा राहतो तेवढाच काळजीने करा. तिथे कापडाच्या सुरकुत्या गळ्याकडून खाली उतरल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर ते कापड छातीवरून उचललंय हे कळतं.

टाय कुठून आणायचा?

इंटरनेटवरचे टाय बहुतेक सपाट उजेडात, जाहिरातीसाठी काढलेले असतात. ते फुकट वापरता येतात की नाही हेही दर वेळी बघावं लागतं. त्यापेक्षा एका रविवारी दुकानातच काम उरका. मदतनीसाला पांढरा शर्ट घालून बसवा, चार साधे टाय आळीपाळीने बांधा आणि प्रत्येकाचे तीन फोटो काढा: समोरून, थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून. मरून, नेव्ही ब्ल्यू, काळा आणि बारीक ठिपक्यांचा पुरेत. पट्ट्यांचा टाय टाळा. पट्ट्या गाठीवर एका उताराने जातात आणि खाली पात्यावर दुसऱ्या, आणि टाय उलटा केला की त्यांची दिशाही बदलते. साधा टाय उजेडाप्रमाणे बिनधास्त उलटा करता येतो. सॅटिनचा चकचकीत टायही नको, त्याची चमक मूळ फोटोतल्या उजेडाशी जुळत नाही.

गाठ कोणती बांधायची? आपल्याकडे शाळेत शिकवतात ती, जिला फोर-इन-हँड म्हणतात. ती थोडी तिरपी बसते, एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा वर. हा तिरपेपणा सरळ करू नका. गाठ दोन्ही बाजूंनी मोजून सारखी केली की ती प्लॅस्टिकच्या रेडीमेड टायसारखी दिसते. विंडसर गाठ जास्त रुंद आणि तिकोनी असते. तिला पसरट कॉलर लागते, जुन्या लांब टोकांच्या शर्टावर ती शोभत नाही. गाठीच्या लगेच खाली कापडाला मधोमध एक खळगा पडतो. फोटो काढताना बोटाने तो नीट पाडून घ्या. या एका खळग्यामुळे कापड ओढून बांधलंय असं वाटतं.

बसवताना लेअरचा क्रम महत्त्वाचा. सगळ्यात खाली भरलेला शर्ट, त्यावर टायचं पातं, त्यावर गाठ, आणि सगळ्यात वर दोन्ही पानं. मानेभोवती जाणारी टायची पट्टी दाखवायचीच नाही, ती पानांच्या दुमडीत असते. गाठीची वरची कड सरळ रेघ नसते, मध्ये किंचित खाली वाकलेली असते. ती मानेला टेकली पाहिजे. गाठीवर पांढरी बारीक पट्टी किंवा बटण दिसलं तर टाय सैल आहे असा अर्थ होतो, आणि मुख्याध्यापकांचा टाय सैल नसतो!

पात्याच्या रुंदीत बहुतेक जण फसतात. टाय ८ सेंटिमीटरचा म्हणतात तेव्हा ती रुंदी अगदी खालच्या टोकाजवळची असते. गाठीतून बाहेर येताना पातं गाठीएवढंच अरुंद असतं आणि हळूहळू रुंद होत जातं. आपला फोटो छातीपर्यंतच कापणार आहोत. गाठीखाली साधारण १२ सेंटिमीटर पातं दिसेल. म्हणून ते वर १२० पिक्सेल आणि फोटोच्या खालच्या कडेशी १८० च्या आसपास हवं. तिथे ३२० पिक्सेलचं पातं ठेवलं तर छातीवर फळी लावल्यासारखं दिसतं.

सावल्या आणि रंग

आधी उजेड कुठून येतोय ते बघा. नाकाची सावली ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूने उजेड. टायची चमकदार बाजू उजेडाकडे नसेल तर Flip Horizontal करा.

सावल्या तीन ठिकाणी लागतात आणि तिन्ही वेगळ्या असतात. पानांच्या कडेखाली गाठीवर पडते ती अरुंद आणि गडद, कारण पान गाठीला जवळजवळ चिकटलेलं असतं. गाठीखाली पात्यावर पडते ती छोटी, खळग्यात जास्त दाट. आणि पात्याची शर्टावर पडते ती उजेडाच्या विरुद्ध बाजूला, मऊ आणि पसरट. गाठीखाली टाय छातीपासून थोडा सुटून पुढे येतो, म्हणून तिथे ही सावली जरा दूर आणि फिकी असते, खाली पोटाकडे टाय टेकला की जवळ येते. सगळीकडे एकच Drop Shadow लावला की कागदी टाय तयार! नवीन लेअर घ्या, तिचा मोड Multiply करा आणि मऊ ब्रशने हाताने रंगवा. रंग काळा घेऊ नका. शर्टाच्याच एखाद्या सुरकुतीतला राखाडी रंग Eyedropper ने उचला. जुन्या प्रिंटमध्ये तो पिवळट असतो, नव्यात निळसर.

हनुवटीची सावलीही विसरू नका. मूळ फोटोत ती गळ्याच्या त्वचेवर पडलेली असते. आता त्या जागी कॉलर आणि गाठ आली, तर सावली त्यांच्यावरही आली पाहिजे.

शेवटी टाय जुन्या फोटोत मिसळायचा. जुन्या प्रिंटमध्ये खरा काळा रंग नसतोच, केससुद्धा करडे-तपकिरी असतात. Info पॅनेलमध्ये केसांची सगळ्यात गडद जागा बघा. आपल्या फोटोत ती ३५ च्या आसपास निघाली आणि नव्या टायची गडद घडी ५. Levels मध्ये Output ची डावी खूण सरकवून टायची घडी ३५ वर आणली आणि टाय एकदम त्या काळातला झाला. मग Gaussian Blur अर्ध्या ते एक पिक्सेलचा, आणि Add Noise थोडा, टायबरोबरच नव्याने भरलेल्या कापडालाही. किती ते १०० टक्के झूम करून शर्टाच्या बाहीशी ताडून ठरवा. बाहीचे कण आणि टायचे कण सारखे वाटले की बस.

ओळखायचं कसं?

फोटो Flip Horizontal करून बघा. तासभर बघून डोळे सरावलेले असतात, उलटा केला की वाकडी गाठ लगेच दिसते. मग फोटो तळहाताएवढा करून लांबून बघा. नजर आधी चेहऱ्यावर गेली तर काम जमलं. आधी टायवर गेली तर बहुतेक वेळा टाय फार गडद किंवा फार स्वच्छ आहे. दुकानात आलेल्या कुणालाही फोटो दाखवा, पण "टाय कसा वाटतो?" असं विचारू नका. "फोटो कसा वाटतो?" एवढंच विचारा.

८ बाय १० साठी आपण १६०० बाय २००० पिक्सेलचा भाग कापला, म्हणजे प्रिंटला इंचाला २०० पिक्सेल मिळतात. भिंतीवर हातभर अंतरावरून बघायच्या फोटोला ते पुरेसे आहेत. ग्राहकाने यापेक्षा मोठा, १६ बाय २० मागितला तर आधीच सांगा की चेहरा मऊ येईल.

काही फोटोंना मात्र हात लावण्याआधीच नाही म्हणायला शिका. चौकडीच्या शर्टात पान फिरवलं की रेघा तिरक्या होतात आणि भरलेल्या कापडाच्या रेघा जुन्या रेघांना जुळवत बसावं लागतं. वेळ तिप्पट जातो, तेवढे पैसे सहसा कुणी देत नाही. टी-शर्टच्या कॉलरला ताठ बँड नसतो, तिथे गाठ कधीच खरी वाटत नाही. नेहरू कॉलरला तर पानच नाही. मान फार वळलेली असेल आणि एक पान दिसतच नसेल तर ते आणायचं कुठून? अशा वेळी अख्खा शर्ट बदलावा लागतो. ते वेगळं काम, त्याचा दर वेगळा, आणि तो आधी सांगायचा.

फोटो देताना टाय, गाठ आणि सावल्या वेगळ्या लेअरवर असलेली PSD फाइल ग्राहकाच्या नावाने जपून ठेवा. फोटो घरी गेला की आई सांगते, "अरे, त्यांचा टाय इतका लाल नव्हता, जरा काळपट होता." Hue/Saturation ने दोन मिनिटांत रंग बदलून दुसरा प्रिंट काढता येतो. फाइल सपाट करून टाकली असेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.